सपाट प्लेटवरील लॅमिनार प्रवाह: फिल्म तापमानावरून सरासरी उष्णता संक्रमण गुणांक काढण्याची पद्धत

गरम सपाट प्लेटवरून थंड हवा वाहत असेल, तर दर सेकंदाला किती उष्णता निघून जाते, हे काढण्याचे सूत्र अगदी लहान आहे. क्षेत्रफळाला तापमानातील फरकाने गुणायचे आणि आलेल्या गुणाकाराला उष्णता संक्रमण गुणांकाने म्हणजे h ने गुणायचे. क्षेत्रफळ पट्टीने मोजता येते आणि तापमान थर्मामीटरने, पण h कोणत्याही तक्त्यात थेट सापडत नाही, कारण तो केवळ हवेचा किंवा केवळ प्लेटचा गुणधर्म नसून प्रवाहाचा वेग, प्लेटची लांबी आणि हवेचे गुणधर्म या सर्वांवर मिळून अवलंबून असतो. लॅमिनार प्रवाहासाठी, म्हणजे हवेचे थर एकमेकांत न मिसळता वाहत असताना, तो सहसंबंध सूत्राने कसा काढायचा आणि त्यात फिल्म तापमान नेमके कुठे येते, हे एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवत पाहू.

उदाहरण असे आहे. प्लेट प्रवाहाच्या दिशेने ०.५ मीटर लांब आणि ०.३ मीटर रुंद आहे. तिचा पृष्ठभाग सर्वत्र ८० अंश सेल्सिअसवर राखलेला आहे. वातावरणीय दाबाची, २० अंश तापमानाची हवा ३ मीटर प्रति सेकंद वेगाने तिच्या एका बाजूवरून, पृष्ठभागाला समांतर वाहते. दुसऱ्या बाजूला उष्णतारोधक आवरण आहे.

गुणधर्म कोणत्या तापमानाचे घ्यायचे

प्लेटला अगदी चिकटून असलेली हवा स्थिर असते आणि तिचे तापमान प्लेटइतकेच म्हणजे ८० अंश असते. पृष्ठभागापासून दूर जावे तसा वेग वाढत जातो, तापमान उतरत जाते आणि काही मिलिमीटर अंतरावर हवा पुन्हा ३ मीटर प्रति सेकंद वेगाची व २० अंशांची होते. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात आणि उष्णतेला होणारा सगळा अडथळा याच थरात असतो. थराच्या एका कडेला ८० अंशांची हवा आहे आणि दुसऱ्या कडेला २० अंशांची, पण सूत्रात तर हवेची उष्णतावाहकता k, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी ν आणि प्रांड्टल अंक Pr यांची प्रत्येकी एकच किंमत घालायची असते. म्हणून त्या थराचे प्रतिनिधी म्हणून दोन्ही तापमानांची सरासरी घेतात. तेच फिल्म तापमान.

```
Tf = (Ts + T∞) / 2 = (80 + 20) / 2 = 50 °C
```

आता हवेच्या गुणधर्मांच्या तक्त्यात ५० अंशांची ओळ शोधावी आणि तीनही किंमती त्याच ओळीतून उतरवून घ्याव्यात.

```
ν  = 1.798 × 10^-5 m²/s
k  = 0.02735 W/(m·K)
Pr = 0.7228
```

तक्ता वाचताना स्तंभाचा मथळा नीट पाहावा. अनेक तक्त्यांत ν च्या स्तंभावर दहाचा घात लिहिलेला असतो आणि खाली केवळ १७.९८ असा आकडा दिसतो. तो १७.९८ × १०⁻⁶ असा वाचायचा असतो. घात एका दहापटीने चुकला तर रेनॉल्ड्स अंक दहापट चुकतो आणि h सुमारे ३.१६ पट, कारण h रेनॉल्ड्स अंकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. वातावरणीय दाबाच्या हवेसाठी, साध्या खोलीच्या तापमानापासून ८० अंशांपर्यंत, ν ची किंमत १.५ ते २.१ × १०⁻⁵ च्या दरम्यान असते, एवढे लक्षात ठेवले तरी ही चूक लगेच पकडता येते.

दाबाचीही एक बाब येथेच सांगून टाकतो. वायूंची उष्णतावाहकता आणि प्रांड्टल अंक दाबाने फारसे बदलत नाहीत, पण ν ही घनतेने भागून मिळालेली राशी असल्यामुळे दाब निम्मा झाला की ती दुप्पट होते. वातावरणीय दाबाच्या तक्त्यातील ν वेगळ्या दाबासाठी वापरायची असेल, तर तिला वातावरणांत मोजलेल्या दाबाने भागावे. फिल्म तापमान बरोबर काढूनही ही एक दुरुस्ती राहून गेली, तर उत्तर चुकते.

प्रवाह खरोखर लॅमिनार आहे का

ही तपासणी सूत्र निवडण्याच्या आधी करायची असते, कारण पुढचे सूत्र केवळ लॅमिनार सीमास्तरासाठी आहे.

```
Re = U · L / ν = 3 × 0.5 / (1.798 × 10^-5) ≈ 83,430
```

U हा प्लेटपासून दूरच्या, अबाधित प्रवाहाचा वेग आहे. गुणधर्म सरासरी तापमानाचे घेतले म्हणून वेगही सीमास्तरातला सरासरी घ्यावा, असे नवख्यांना वाटण्याची शक्यता असते, पण तसे करायचे नाही. सूत्रातला अंक दूरचा वेग धरूनच बसवलेला आहे.

सपाट प्लेटवर प्रवाह लॅमिनार राहण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे रेनॉल्ड्स अंक ५ × १०⁵ एवढी धरतात. आपला अंक तिच्या जवळजवळ सहाव्या भागाएवढा आहे. पण ही मर्यादा म्हणजे काटेकोर सीमारेषा नव्हे. प्लेटची पुढची कड बोथट असेल, पृष्ठभाग खडबडीत असेल किंवा येणारी हवाच पंख्यामागची, घुसळलेली असेल, तर सीमास्तर १०⁵ च्या आसपासच टर्ब्युलंट होऊ लागतो. उलट अतिशय शांत प्रवाहात आणि गुळगुळीत पृष्ठभागावर तो ३ × १०⁶ पर्यंतही लॅमिनार टिकू शकतो. आपला अंक १०⁵ च्याही खाली असल्यामुळे येथे निश्चिंतपणे पुढे जाता येते. हीच प्लेट आणि हेच तापमान ठेवून वेग १८ मीटर प्रति सेकंदापर्यंत नेला, की रेनॉल्ड्स अंक ५ लाखांवर पोहोचतो आणि त्यापुढे मिश्र प्रवाहाचे सूत्र घ्यावे लागते. प्रत्यक्ष मोजलेला h या लॅमिनार सूत्राच्या उत्तरापेक्षा दीडपट-दुप्पट निघत असेल, तर सीमास्तर वाटेतच टर्ब्युलंट झाल्याची शंका पहिल्यांदा घ्यावी.

सूत्र आणि त्यातला ०.६६४

सपाट प्लेटवरील लॅमिनार सीमास्तराचे वेगासाठीचे उत्तर ब्लाझियस यांनी १९०८ मध्ये काढले आणि त्याच आधारावर उष्णतेसाठीचे उत्तर पोलहाउझेन यांनी १९२१ मध्ये दिले. त्यातून पुढच्या कडेपासून x अंतरावरील स्थानिक नुसेल्ट अंक मिळतो.

```
Nu_x = 0.332 · Re_x^(1/2) · Pr^(1/3)
```

नुसेल्ट अंक म्हणजे hx/k. त्यावरून स्थानिक h काढला तर तो x च्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातो असे दिसते. पुढच्या कडेशी सीमास्तर अत्यंत पातळ असतो, म्हणून तिथे उष्णता झपाट्याने निघते, आणि मागे जावे तसा थर जाड होत जातो व उष्णतेची वाट लांबते. आपल्याला हवी असते ती पूर्ण प्लेटची उष्णता, म्हणून स्थानिक h ची शून्यापासून L पर्यंत सरासरी काढावी लागते. १/√x चे संकलन २√x असल्यामुळे ही सरासरी शेवटच्या टोकावरील स्थानिक किंमतीच्या बरोबर दुप्पट येते. ०.३३२ चे ०.६६४ होतात ते यामुळे.

```
Nu = 0.664 · Re^(1/2) · Pr^(1/3)
```

हा दुप्पटीचा संबंध नीट समजून घेतला नाही तर दोन सूत्रांची अदलाबदल होते. एकूण उष्णता काढायची असेल तर ०.६६४ घ्यावा. प्लेटवरील एखाद्या विशिष्ट जागी, समजा जिथे संवेदक बसवला आहे तिथे, h हवा असेल तर ०.३३२ आणि त्या जागेचा x घ्यावा.

दोन अटी पाळाव्या लागतात. प्रांड्टल अंक ०.६ किंवा त्याहून अधिक असावा. हवा, पाणी आणि तेले यांच्याबाबत ही अट पूर्ण होते, पारा किंवा वितळलेले सोडियम यांसारख्या द्रवरूप धातूंना मात्र हे सूत्र लागू नाही. दुसरी अट अशी, की पृष्ठभागाचे तापमान सर्वत्र सारखे असावे आणि प्लेट पुढच्या कडेपासूनच गरम असावी. प्लेटच्या सुरुवातीचा काही भाग थंड असेल, तर उष्णतेचा सीमास्तर उशिरा सुरू होतो आणि त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागते.

आकडेमोड

```
Re^(1/2) = 288.8
Pr^(1/3) = 0.897
Nu = 0.664 × 288.8 × 0.897 ≈ 172
h  = Nu · k / L = 172 × 0.02735 / 0.5 ≈ 9.4 W/(m²·K)
Q  = h · A · (Ts − T∞) = 9.4 × 0.15 × 60 ≈ 85 W
```

शेवटच्या ओळीत ६० हा पृष्ठभाग आणि दूरची हवा यांच्यातला फरक आहे. फिल्म तापमानाचे काम गुणधर्म वाचण्यापुरतेच असते आणि ते तिथे संपते. या ओळीत ८० मधून ५० वजा करून ३० घेतले तर उष्णता थेट निम्मी येते, आणि ही चूक वाटते त्याहून अधिक वेळा होते.

L कोणती घ्यायची हेही येथेच ठरते. ती नेहमी प्रवाहाच्या दिशेची लांबी असते, प्लेटची मोठी बाजू असेलच असे नाही. हीच प्लेट फिरवून ०.३ मीटरची बाजू प्रवाहाच्या दिशेने ठेवली, तर क्षेत्रफळ तेच राहूनही h सुमारे १२.२ होतो आणि उष्णता ८५ वरून १०९ वॅटवर जाते. वाढ सुमारे २९ टक्के आहे आणि ती केवळ सीमास्तराला जाड होण्यासाठी कमी अंतर मिळाल्यामुळे झाली आहे.

उत्तर पडताळण्यासाठी मी सीमास्तराची जाडी काढून पाहण्याचा आग्रह धरतो, कारण ती डोळ्यांसमोर आणता येते. मागच्या टोकाला ती साधारण ५L/√Re म्हणजे ८.७ मिलिमीटर येते. अर्धा मीटर लांबीच्या प्लेटवर इतक्या वेगाला हे प्रमाण पटण्यासारखे आहे. जाडी काही सेंटिमीटर किंवा मिलिमीटरचा अंश आली असती, तर एककांत कुठेतरी गडबड आहे असे समजावे. दुसरी पडताळणी अशी: मागच्या टोकावरील स्थानिक h ४.७ आहे, आणि पुढच्या कडेपासून एक चतुर्थांश लांबीवर, म्हणजे १२.५ सेंटिमीटरवर, स्थानिक h सरासरीइतका म्हणजे ९.४ यायला हवा. तसा तो येतो.

फिल्म तापमान चुकले तर किती बिघडते

या प्रश्नाचे उत्तर हवेसाठी आणि पाण्यासाठी वेगवेगळे आहे, आणि ते जाणून घेतल्याशिवाय या नियमाचे महत्त्व खऱ्या अर्थाने कळत नाही.

आपल्या उदाहरणात सर्व गुणधर्म ५० ऐवजी २० अंशांवर घेतले तर ν १.५१६ × १०⁻⁵, k ०.०२५१४ आणि प्रांड्टल अंक ०.७३०९ असतो. रेनॉल्ड्स अंक ९९,००० च्या जवळ जातो, पण h येतो ९.४६. सर्व गुणधर्म ८० अंशांवर घेतले तर रेनॉल्ड्स अंक सुमारे ७१,५०० एवढा उतरतो आणि h येतो ९.३८. तीनही उत्तरांत एक टक्क्याचाही फरक नाही. याचे कारण सूत्रातच आहे. h हा k च्या सम प्रमाणात आणि ν च्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हवा तापली की k वाढते आणि ν सुद्धा वाढते, त्यामुळे दोन्हींचे परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात.

यावरून फिल्म तापमानाकडे दुर्लक्ष केले तरी चालेल असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. हा तोल केवळ दोन्ही किंमती एकाच तापमानाच्या असतानाच साधतो. रेनॉल्ड्स अंक काढताना हवेची २० अंशांची घनता आणि व्हिस्कॉसिटी वापरली, आणि पुढे नुसेल्ट अंकावरून h काढताना k मात्र ८० अंशांची घेतली, तर उत्तर ११.१ येते, म्हणजे १८ टक्के अधिक. उलट मिसळ केली, ν ८० अंशांची आणि k २० अंशांची घेतली, तर ते ८.० येते, म्हणजे १५ टक्के कमी. अशी मिसळ मुद्दाम कोणी करत नाही. गणितात हवेची घनता आधीच दिलेली असते, ती येणाऱ्या हवेच्या तापमानाची असते आणि ती तशीच वापरली जाते, बाकीचे गुणधर्म मात्र तक्त्यातून घेतले जातात. म्हणून माझा सल्ला असा आहे, की कागदावर सर्वात आधी फिल्म तापमान लिहावे आणि त्याखाली गुणधर्मांची एकच ओळ लिहावी. पुढे कोणतीही किंमत लागली तर ती त्या ओळीतूनच घ्यावी.

याशिवाय h जरी बदलला नाही तरी रेनॉल्ड्स अंक ७१,५०० ते ९९,००० असा बदलला आहे. प्रवाह मर्यादेच्या जवळ असता, तर एवढ्या फरकाने लॅमिनार की टर्ब्युलंट हा निर्णयच उलटला असता.

पाण्यात तो तोल नसतो. ५ सेंटिमीटर लांबीची ८० अंशांवरील प्लेट आणि तिच्यावरून १ मीटर प्रति सेकंद वेगाने वाहणारे २० अंशांचे पाणी घ्या. प्रवाह ५ लाखांच्या मर्यादेच्या बराच खाली आहे. फिल्म तापमानावर h साधारण ३,९२० येतो, सर्व गुणधर्म २० अंशांवर घेतल्यास ३,३९० आणि ८० अंशांवर घेतल्यास ४,३००. म्हणजे एकीकडे १४ टक्के कमी आणि दुसरीकडे जवळजवळ १० टक्के अधिक. पाणी तापले की त्याची k थोडीच वाढते, पण ν झपाट्याने कमी होते, त्यामुळे खोडून काढणारे काही उरत नाही. दाट तेलाची व्हिस्कॉसिटी तर एवढ्या तापमानफरकात कित्येक पट बदलते. तिथे सरासरी तापमानाची एक किंमत पूर्ण थराचे प्रतिनिधित्व नीट करू शकत नाही आणि पृष्ठभागावरील गुणधर्मांचे गुणोत्तर घालून केलेली दुरुस्ती लागते.

पृष्ठभागाचे तापमान माहीत नसेल तर

प्रत्यक्षात अनेकदा हीटरची शक्ती माहीत असते आणि प्लेट किती तापेल हेच विचारलेले असते. फिल्म तापमानासाठी पृष्ठभागाचे तापमान हवे आणि ते काढण्यासाठी h हवा, अशी अडचण येते. तिथे अंदाज घेऊन सुरुवात करावी. समजा आपलीच प्लेट जाड ॲल्युमिनियमची आहे, त्यामुळे तिचे तापमान सर्वत्र जवळजवळ सारखे राहते, आणि तिला ५० वॅट दिले आहेत. पहिला अंदाज ८० अंशांचा घेतला तर h ९.४ येतो, आणि ५० ला ९.४ × ०.१५ ने भागल्यावर फरक ३५.५ अंश म्हणजे पृष्ठभाग ५५.५ अंश येतो. नवे फिल्म तापमान सुमारे ३८ अंश. त्या तापमानाच्या आसपासचे गुणधर्म घेतल्यावर h ९.४३ येतो आणि पृष्ठभाग ५५.३ अंश. दुसऱ्याच फेरीत उत्तर स्थिरावले, कारण वर पाहिलेला हवेतला तोल येथे उपयोगी पडला. पाण्यासाठी आणखी एखादी फेरी लागू शकते. प्लेट पातळ असून सर्वत्र सारखी शक्ती देत असेल, तर तिचे तापमान मागे वाढत जाते. अशा वेळी स्थानिक सूत्रात ०.३३२ ऐवजी ०.४५३ घ्यावा.

प्रयोग आणि सूत्र जुळत नसतील तर

मोजलेली उष्णता गणितापेक्षा अधिक निघाली तर सूत्राला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे नैसर्गिक अभिसरण. गरम हवा स्वतःहून वर जाते आणि पंख्याच्या प्रवाहात स्वतःची भर घालते. या नैसर्गिक प्रवाहाचा जोर दाखवणाऱ्या ग्रासहॉफ अंकाला रेनॉल्ड्स अंकाच्या वर्गाने भागून आलेले गुणोत्तर १ पेक्षा बरेच लहान असावे लागते. आपल्या उदाहरणात ते सुमारे ०.१ आहे, म्हणजे सूत्र चालते. वेग १ मीटर प्रति सेकंदावर आणला तर तेच गुणोत्तर नऊपट होऊन ०.९ च्या आसपास जाते आणि मग केवळ सक्तीच्या अभिसरणाचे सूत्र पुरेसे राहत नाही.

दुसरी गोष्ट प्रारणाची. आपली प्लेट काळ्या रंगाने रंगवलेली असेल आणि तिची उत्सर्जकता ०.९ असेल, तर २० अंशांच्या परिसराकडे ती केवळ प्रारणाने सुमारे ६२ वॅट टाकते. ८५ वॅटच्या शेजारी हा आकडा लहान नाही, आणि तो हवेच्या खात्यात धरला गेला तर h ९.४ ऐवजी १६ च्या वर निघाल्यासारखा दिसेल. चकचकीत, घासलेल्या ॲल्युमिनियमची उत्सर्जकता ०.०५ धरली तर तीच गळती ३.५ वॅटच्या आसपास येते. म्हणून सूत्र पडताळण्याचा प्रयोग करायचा असेल तर पृष्ठभाग चकचकीत ठेवावा, किंवा प्रारणाचा वाटा आधी वजा करून उरलेल्या उष्णतेवरून h काढावा.